नेट कॅफेतनं फॉर्म भरून उठताना मागं काय काय राहतं आणि ते कसं पुसायचं

मागच्या वर्षी सांगलीत विश्रामबागला एका नेट कॅफेत हॉल तिकीट काढायला बसलो होतो. पीडीएफ डाउनलोड झाली, ती शोधायला Downloads फोल्डर उघडला, तर माझ्या फाईलच्या वर-खाली सगळी अनोळखी माणसांची आधार कार्डं. कुणाचा उत्पन्नाचा दाखला, कुणाची दहावीची मार्कलिस्ट, एका बाईंच्या बँक पासबुकाचं पहिलं पान. आणि फाईलींची नावं अशी: aadhar.pdf, मग aadhar (1).pdf, मग (2), असं करत करत थेट aadhar (37).pdf पर्यंत. त्यातल्या कुणालाच माहीत नसणार की आपलं आधार अजून तिथंच पडलंय, कारण त्या सगळ्यांनी उठताना लॉगआऊट नक्की केलं असणार.

लॉगआऊट केलं म्हणजे झालं असं वाटतं आपल्याला, आणि ज्यांना जरा जास्त माहिती असते ते ब्राउझरची इन्कॉग्निटो, म्हणजे काही लक्षात न ठेवणारी खिडकी उघडून बसतात आणि निर्धास्त होतात. पण इन्कॉग्निटो फक्त ब्राउझरच्या आतलं पुसतं, म्हणजे हिस्ट्री, कुकीज, फॉर्ममध्ये टाईप केलेलं. डाउनलोड केलेली फाईल कॉम्प्युटरच्या डिस्कवर जाते, तिला इन्कॉग्निटो हातसुद्धा लावत नाही. आणि फॉर्म भरताना खरा पसारा फाईलींचाच होतो. म्हणून खालचं बरंचसं फाईलींवरच आहे.

उदाहरण एकच घेतो म्हणजे नीट कळेल. माझी मावसबहीण तासगावकडची, कॉलेज सांगलीत. महाडीबीटीवर स्कॉलरशिपचा फॉर्म भरायचा होता, फोनवर साईट धड चालेना म्हणून आम्ही दोघं कॅफेत गेलो. काम म्हटलं तर साधं: जीमेलमधनं उत्पन्नाचा दाखला काढायचा, डिजिलॉकरमधनं मार्कशीट, आधारची पीडीएफ, सगळं अपलोड करायचं आणि फॉर्मची प्रिंट घ्यायची. तासाभराचं काम. त्या तासात काय काय मागं राहू शकलं असतं ते ओळीनं सांगतो.

बसल्या बसल्या

दुकानातल्या कॉम्प्युटरवर क्रोम बहुतेक वेळा आधीच उघडं असतं आणि वर उजव्या कोपऱ्यात मालकाच्या अकाउंटचा गोल दिसतो. त्या खिडकीत काहीच टाईप करू नका. Ctrl + Shift + N दाबा, काळी खिडकी उघडेल, ती इन्कॉग्निटो. एजमध्येही हेच बटण चालतं, फायरफॉक्सला Ctrl + Shift + P.

साध्या खिडकीत बसलं तर काय होतं ते एकदा बघून घ्या म्हणजे पटेल. आम्ही मुद्दाम साध्या खिडकीत एका फॉर्मच्या मोबाईल नंबरच्या रकान्यात नुसता 9 टाईप केला, तर खाली पट्टी उघडली आणि त्यात सात-आठ नंबर, आमच्या आधी बसून गेलेल्या लोकांचे. नावाच्या रकान्यात एक अक्षर टाकलं की नावं, ईमेलला टाकलं की ईमेल. कुणी हॅक केलेलं नाही हे, ब्राउझर सोय म्हणून लक्षात ठेवतो. तुमच्याकडनं चुकून तिथं काही टाईप झालंच असेल तर त्या पट्टीत खालच्या बाणानं आपल्या नंबरवर या आणि Shift + Delete दाबा, तेवढाच एक जातो.

अजून एक, साधी खिडकी फुलीवर क्लिक करून बंद केली म्हणजे लॉगआऊट होत नाही. Ctrl + Shift + T दाबलं की बंद केलेला टॅब परत उघडतो आणि सेशन चालू असेल तर आत सगळं तसंच. इन्कॉग्निटोचं तसं नाही, ती बंद झाली की सेशन संपलं, मात्र सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्या बंद व्हायला पाहिजेत. इथं चुकतात लोक. साईटनं दुसरी खिडकी उघडलेली असते, पेमेंटची किंवा प्रिंट प्रिव्ह्यूची, ती टास्कबारवर खाली दबून राहते आणि आपण मुख्य खिडकी बंद करून उठतो. ती एक उघडी आहे तोवर जीमेल लॉगिन तसंच जिवंत राहतं. म्हणून उठताना टास्कबारवरच्या क्रोमच्या आयकॉनवर माऊस नेऊन बघायचं किती खिडक्या दिसतात ते.

पासवर्ड टाकल्यावर Save password? असं विचारणारी चौकट आली तर समजा की तुम्ही साध्या खिडकीत आहात, इन्कॉग्निटोत ती येत नाही. तिथल्या तिथं Never दाबा, लॉगआऊट करा आणि काळ्या खिडकीत नव्यानं सुरू करा.

फाईली: एका आधारच्या पाच कॉप्या

आता मुख्य गोष्ट. काही डाउनलोड करायच्या आधी Win + E दाबून Downloads उघडा, त्यात एक नवीन फोल्डर करा, नाव काहीही, आम्ही xyz ठेवलं होतं. स्वतःचं नाव देऊ नका. आणि ठरवून टाका की आपली प्रत्येक फाईल ह्याच फोल्डरात जाईल, दुसरीकडं एकही नाही.

फोल्डर डेस्कटॉपवर का नाही, तर बऱ्याच विंडोज कॉम्प्युटरवर वनड्राइव्ह चालू असतं आणि ते Desktop, Documents, Pictures ह्यांची कॉपी आपोआप मालकाच्या अकाउंटला इंटरनेटवर चढवतं. तुम्ही डेस्कटॉपवर आधार ठेवलं, दहा मिनिटांनी डिलीट केलं, तरी ते वनड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्ये 30 दिवस पडून राहू शकतं आणि तिथं तुमचा हात पोचत नाही. डेस्कटॉपवरच्या फाईलींवर छोटा ढग किंवा हिरवी टिकली दिसली तर हेच चालू आहे असं समजा. Downloads सहसा ह्यात नसतं, म्हणून तिथं.

आता मावसबहिणीच्या आधारचं काय झालं बघा. ईआधारची पीडीएफ कुलूपबंद येते, पासवर्ड म्हणजे नावाची इंग्रजीतली पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल. म्हणजे नाव अनिता आणि साल 2005 असेल तर `ANIT2005`. अपलोड करताना कुलूपबंद फाईलची अडचण होते, म्हणून दुकानातला पोरगा काय करतो, फाईल उघडतो, प्रिंट देतो आणि प्रिंटरच्या जागी Save as PDF निवडतो. झाली बिनकुलपाची नवी फाईल, आणि ती कुठं सेव्ह झाली ते त्याला विचारलं तर "असेल की डॉक्युमेंटमध्ये" म्हणाला. मग साईज जास्त भरली, साईट घेईना, म्हणून त्यानं ती एका फुकट कॉम्प्रेस करणाऱ्या वेबसाईटवर चढवायला घेतली, तिथं मी थांबवलं. चढवली असती तर कॉम्प्रेस केलेली अजून एक फाईल Downloads मध्ये आली असती आणि एक कॉपी त्या वेबसाईटच्या सर्व्हरवर गेली असती, जिथनं काढणं आपल्या हातात नाही. शिवाय मूळ फाईल व्हॉट्सअ‍ॅपवरनं आलेली, ती वेगळीच. म्हणजे कुलूपबंद मूळ, बिनकुलपाची, कॉम्प्रेस केलेली, व्हॉट्सअ‍ॅपची आणि वेबसाईटवरची. मूळ फाईलच्या कुलपाचा तरी काय भरवसा, नाव आणि जन्मतारीख शेजारीच पडलेल्या मार्कलिस्टवर छापलेली असते की.

ह्यावर उपाय असा की कुलूप काढणं आणि साईज कमी करणं ही दोन्ही कामं घरीच फोनवर करून घ्या. फोनवर पीडीएफ उघडून पासवर्ड टाकायचा, स्क्रीनशॉट घ्यायचा, क्रॉप करायचा, तो फोटो लहान साईजमध्ये सेव्ह करायचा, आणि साईट पीडीएफच मागत असेल तर फोनच्याच प्रिंट मेनूमधनं Save as PDF. कॅफेत फक्त तयार फाईल न्यायची. डिजिलॉकरमधली मार्कशीटसुद्धा फोनवरच उतरवून ठेवता येते. एवढं केलं तर कॅफेत हाताळायच्या फाईली पाच-सहावर येतात आणि त्या सगळ्या xyz मध्ये मावतात.

दुकानातल्या पोराला काही करायला सांगितलंत तर तो कुठं सेव्ह करतोय तिकडं बघत राहा, Save As ची चौकट उघडली की "दादा, ह्याच फोल्डरात टाक" म्हणायचं. राग नाही येत कुणाला. स्कॅन केलं असेल तर हमखास विचारा, कारण स्कॅनरची फाईल भलत्याच फोल्डरात जाते, कधी Pictures, कधी Documents मधल्या Scanned Documents मध्ये.

आणि एक बारकी गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. फोल्डरातल्या पीडीएफवर डबल क्लिक केलं की ती क्रोमच्या किंवा एजच्या साध्या खिडकीत उघडते, इन्कॉग्निटोत नाही. मग त्या साध्या खिडकीच्या हिस्ट्रीत फाईलचं नाव पत्त्यासकट जाऊन बसतं, `file:///C:/Users/...` असं सुरू होणारं. फाईल उडवली तरी नाव राहतं, आणि लोक फाईलचं नाव स्वतःच्या पूर्ण नावानंच ठेवतात. म्हणून फाईल बघायची असेल तर माऊसनं ओढून काळ्या खिडकीत सोडा.

प्रिंट आणि व्हॉट्सअ‍ॅप

आपल्याकडं प्रिंट म्हटलं की दुकानदार म्हणतो, "ह्या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करा." केलं की तुमची फाईल त्यांच्या फोनमध्ये, व्हॉट्सअ‍ॅप वेबवर आणि उघडली की त्यांच्या Downloads मध्ये. प्रिंट हातात आल्यावर तिथंच उभं राहून आपल्या फोनवर तो मेसेज दाबून धरा आणि Delete for everyone करा, त्याला साधारण दोन दिवसांची मुदत असते, नंतर तो पर्याय दिसत नाही. पण ह्यानं फक्त चॅटमधलं जातं, कॉम्प्युटरवर उतरलेली फाईल जात नाही, ती समोर उडवून घ्यायला सांगावं लागतं. मी सरळ सांगतो, "काका, आधारची फाईल आहे, तेवढी काढून टाका", आणि आजवर नाही म्हणालेलं कुणी भेटलं नाही मला.

तुम्ही स्वतः कॅफेच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप वेब लावू नका, एका फाईलसाठी सगळ्या चॅट तिथं उघडायच्या कशाला. लावलंच तर उठताना फोनमध्ये Linked devices मध्ये जाऊन त्या कॉम्प्युटरवर टॅप करून Log out.

प्रिंटरचा एक घोळ मी डोळ्यांनी बघितलाय. प्रिंट दिली, कागद आला नाही, परत दिली, परत दिली, मग दुकानदार म्हणाला शेजारच्या मशीनवरनं काढून देतो. काढली, पैसे दिले, निघालो. पहिला प्रिंटर फक्त ऑफलाईन होता. कुणीतरी नंतर तो चालू केला असता तर रांगेत अडकलेले तीनही जॉब धडाधड बाहेर पडले असते, आमचा फॉर्म तीन वेळा, फोटो आणि अकाउंट नंबरासकट. रस्त्यात आठवलं म्हणून परत गेलो. प्रिंट अडकली की घड्याळाजवळ प्रिंटरचं छोटं चित्र दिसतं, त्यावर डबल क्लिक केलं की यादी येते, आपल्या फाईलच्या जॉबवर राईट क्लिक करून Cancel. ती यादी रिकामी दिसल्याशिवाय उठायचं नाही. आणि खराब निघालेली प्रिंट दुकानातल्या डब्यात टाकू नका, घरी न्या.

उठायच्या आधीची पाच मिनिटं

कॅफेत तासावर पैसे असतात, त्यामुळं शेवटी घाई होते आणि सगळं तिथंच राहतं. म्हणून पाच मिनिटं आधीच काम थांबवा आणि ह्या क्रमानं जा.

आधी प्रत्येक साईटवरनं Sign out. इन्कॉग्निटो असली तरी करा, खिडकी दबून राहिली तर हेच वाचवतं. मग सगळ्या काळ्या खिडक्या बंद.

मग xyz फोल्डर. त्यावर एकदा क्लिक करून Shift + Delete, म्हणजे तो रिसायकल बिनमध्ये न जाता थेट जातो. नुसतं Delete दाबलं असेल तर रिसायकल बिन उघडून तिथनं आपलं तेवढंच काढा, सगळा बिन रिकामा करू नका, दुकानदाराचं काही त्यात असू शकतं. मग Downloads मध्ये Date modified च्या रकान्यावर क्लिक करून नवीन फाईली वर आणा आणि बघा, आपल्या बसण्याच्या वेळेतलं काही उरलंय का. हेच Documents, Pictures आणि Desktop ला पण. मावसबहिणीची बिनकुलपाची आधारची फाईल अशीच Documents मध्ये सापडली, नाव होतं `Untitled.pdf`, नावानं शोधलं असतं तर जन्मात सापडली नसती.

क्रोममध्ये Ctrl + J नं उघडणाऱ्या डाउनलोडच्या यादीतनं नाव काढलं म्हणजे फाईल गेली असं समजू नका, यादी वेगळी आणि फाईल वेगळी, खात्री फोल्डरातच करायची.

मग Win + R दाबा, हे टाईप करा आणि एंटर:

```
shell:recent
```

इथं अलीकडं उघडलेल्या फाईलींची नावं दिसतात. ते नुसते शॉर्टकट असतात, पण नाव तर कळतंच. आपले निवडून डिलीट. काही दुकानांत Win + R बंद केलेलं असतं, मग हे सोडून द्या. वर्ड वापरलं असेल तर वर्डच्या यादीत आपल्या फाईलच्या नावावर राईट क्लिक करून Remove from list.

शेवटी Win + V. विंडोज 10 आणि 11 मध्ये कॉपी केलेल्या गोष्टींची यादी चालू केलेली असेल तर इथं तुम्ही कॉपी-पेस्ट केलेला पासवर्ड, अकाउंट नंबर सगळं ओळीनं दिसतं. Clear all दाबा.

साध्या खिडकीत काही उघडलं गेलं असेल तरच Ctrl + Shift + Delete, आणि वर वेळ विचारतात तिथं Last hour निवडा. All time करू नका, मालकाचं सगळं लॉगिन उडेल आणि पुढच्या वेळी तो तुम्हाला बसू देणार नाही.

वाचनालयात काही ठिकाणी असं सॉफ्टवेअर असतं की कॉम्प्युटर रिस्टार्ट केला की सगळं पहिल्यासारखं होतं. ते आहे का ते तपासायचं सोपं आहे: Downloads मध्ये एक रिकामी टेक्स्ट फाईल करा, रिस्टार्ट करा, फाईल गायब झाली तर आहे. मग काम संपल्यावर स्वतः रिस्टार्ट करून जा, नाहीतर तुमच्यानंतर बसणाऱ्याला रिस्टार्ट होईपर्यंत सगळं दिसतंच.

ह्यानं काय पुसलं जात नाही

कॉम्प्युटरवर कीलॉगर असेल, म्हणजे दाबलेली प्रत्येक की नोंदवणारा प्रोग्राम, तर वरच्या कशाचाच उपयोग नाही, पासवर्ड टाईप करतानाच गेलेला असतो. म्हणून बँकेचं नेट बँकिंग कॅफेत उघडूच नका, फी भरायची असेल तर स्क्रीनवरचा क्यूआर आपल्या फोननं स्कॅन करून भरा. जीमेलला टू स्टेप व्हेरिफिकेशन लावून ठेवा, म्हणजे पासवर्ड गेला तरी फोनवर विचारल्याशिवाय आत जाता येत नाही. Shift + Delete नं उडवलेली फाईलसुद्धा रिकव्हरी सॉफ्टवेअरनं कधी कधी परत काढता येते, पण पुढच्या खुर्चीवर बसणाऱ्यानं सहज उघडावी अशी ती राहत नाही, आणि धोका बहुतेक त्याच्याकडनंच असतो.

आणि कॅफेचं रजिस्टर. 2011 च्या सायबर कॅफे नियमांप्रमाणं दुकानदारानं तुमचं ओळखपत्र बघून नोंद ठेवायची असते, आणि ती नोंद आणि उघडलेल्या वेबसाईट्सची हिस्ट्री किमान एक वर्ष जपायची असते. ते पुसणं आपलं काम नाही आणि तसा प्रयत्नही करू नका. ओळखपत्राची झेरॉक्स मागितली तर तिच्यावर पेननं तारीख आणि "फक्त कॅफे नोंदीसाठी" असं आडवं लिहून द्या, म्हणजे ती दुसरीकडं चालवता येत नाही सहज.

घरी आल्यावर

फोनवर गूगल अकाउंटच्या Security मध्ये Your devices उघडा. तिथं कॅफेतला विंडोज कॉम्प्युटर अजून साईन इन दिसत असेल तर त्यावर टॅप करून Sign out, लांबूनच होतं ते. ओळखीचं नसलेलं अजून काही दिसलं तर लगेच पासवर्ड बदला, तोही आपल्या फोनवरनंच. मावसबहिणीच्या यादीत तीन विंडोज कॉम्प्युटर निघाले. एक आमचा त्या दिवशीचा, एक कॉलेजच्या लॅबचा, आणि एक अकरावीच्या अ‍ॅडमिशनच्या वेळचा, तासगावातल्या दुकानातला, जिथं तिनं दोन वर्षांपूर्वी फुलीवर क्लिक करून खिडकी बंद केली होती. तिघांनाही तिथनंच साईन आऊट केलं आणि पासवर्ड बदलला.